तुटलेल्या बिडाच्या हँडलवरची तिरकी रेघ

पाथरी-मानवत भागातल्या एका चारीवरच्या गेटचं हे हँडल. रब्बीचं आवर्तन सुटलं होतं, ज्वारी-हरभऱ्याला पाण्याची पाळी लागली होती आणि गेट गाळात रुतून बसलं होतं. एकट्याला हलेना म्हणून दोघांनी हँडलवर एकदम अंग टाकलं. हँडल गिअरपेटीपासून दोन बोटांवर तुटलं आणि खाली पडलं. त्या दोघांपैकी एकाचा पुतण्या आमच्याकडे पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो दोन्ही तुकडे पिशवीत घालून घेऊन आला आणि काकांचाच प्रश्न त्याने पुढे ठेवला. "सर, काका म्हणतेत, वाकून तुटलं असतं तर सरळ आडवं तुटलं असतं. हे असं तिरकं कामून तुटलं?"

काकांनी निम्मं उत्तर प्रश्नातच दिलं होतं. नुसत्या वाकण्याने बिडाचा गोल दांडा आडवा तुटतो. नुसत्या पिळण्याने तो ४५ अंशांत, मळसूत्रासारखा तुटतो. वर्गातला खडू दोन्ही प्रकारे मोडून पाहिला की हे दोन मिनिटांत पटतं. हँडलवर वाकणं आणि पिळणं दोन्ही एकाच वेळी होतं, म्हणून रेघ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येणार. नेमकी किती अंशांत आणि कोणत्या बाजूला झुकलेली, एवढंच शोधायचं होतं. एका बिंदूवर कोणत्या दिशेला किती स्ट्रेस येतो ते दाखवणारं मोहरचं वर्तुळ शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मला पुस्तकात सापडला नसता, कारण इथे उत्तर तुकड्यावरच कोरलेलं होतं.

माप आणि अंदाज

हँडल साध्या काटकोनातलं. गिअरपेटीतून ३० मिमी व्यासाचा गोल दांडा आडवा बाहेर येतो, त्याच्या टोकाला काटकोनात बाहू आणि बाहूच्या टोकाला मूठ. तुटलेल्या जागेपासून बाहूच्या मध्यापर्यंत दांडा २४० मिमी भरला. दांड्याच्या मध्यापासून मुठीपर्यंत बाहू ३२० मिमी. मूठ खाली दाबली की तुटलेल्या छेदावर बेंडिंग मोमेंट M येतो बळ गुणिले २४० आणि टॉर्क T येतो बळ गुणिले ३२०.

बळ किती होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला एका माणसाचं पूर्ण वजन धरलं, म्हणजे ६६० न्यूटन, साधारण ६७ किलो. मग

σ = 32M/πd³

या सूत्राने दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर सुमारे ६० मेगापास्कल ताण येतो, आणि

τ = 16T/πd³

या सूत्राने सुमारे ४० मेगापास्कल शिअर स्ट्रेस येतो. आकडे इतके गोल आले हा निव्वळ योग, पण फळ्यावर काम करताना असा योग सोडू नये.

वरचाच बिंदू का घ्यायचा, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावं लागतं. पिळण्याचा शिअर स्ट्रेस गोल दांड्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखाच असतो. वाकण्याचा ताण मात्र वरच्या टोकाला सर्वांत जास्त, कुशीवर शून्य आणि खालच्या बाजूला तेवढाच दाब. बीड दाबात दणकट आणि ताणात कच्चं असतं, म्हणून तडा वरूनच सुरू होणार. शिवाय उभ्या बळाचा जो थेट शिअर असतो, तो वरच्या बिंदूवर शून्य असतो. म्हणजे तिथे फक्त दोनच गोष्टी मोजायच्या राहतात.

छोटा चौकोन

आता दांड्याकडे वरून पाहा. गिअरपेटी डाव्या हाताला, मोकळं टोक उजव्या हाताला, आणि बाहू कागदावर वरच्या दिशेला गेलेला. दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर पेन्सिलने एक छोटा चौकोन काढला. त्याच्या उजव्या-डाव्या कडांवर ६० मेगापास्कल ताण आहे, वरच्या-खालच्या कडांवर काहीच ओढ नाही. शिअरचे बाण कुठे तोंड करून काढायचे, इथे निम्मा वर्ग अडखळतो.

ते असं ठरवायचं. बाहू कागदावर वर गेलेला आहे आणि मूठ खाली, म्हणजे कागदाच्या आत दाबली जाते आहे. त्यामुळे दांड्याचं मोकळं टोक असं फिरू पाहतं की त्याचा वरचा पृष्ठभाग बाहूच्या बाजूला सरकतो. चौकोनाच्या उजव्या कडेवरचा बाण म्हणून बाहूकडे, कागदावर वर. डाव्या कडेवरचा खाली. तोल राखायला वरच्या कडेवरचा बाण उजवीकडे आणि खालच्या कडेवरचा डावीकडे. हे चार बाण बरोबर पडले की पुढचं सगळं कंपासचं काम आहे. चुकले तर वर्तुळ तेवढंच सुबक येतं, फक्त तडा उलट्या बाजूला झुकलेला निघतो. सूत्रांत आकडे घालणाऱ्याला ही चूक दिसतच नाही, कारण ८० आणि −२० ही उत्तरं दोन्ही वेळा तीच येतात.

वर्तुळ

कार्ल कुलमान याने १८६६ मध्ये स्ट्रेससाठी वर्तुळाची कल्पना मांडली होती, आणि ओटो मोहर याने १८८२ मध्ये ती पुढे नेली. नाव मोहरचं राहिलं. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटरला १० मेगापास्कल हे प्रमाण घेतलं. आडव्या अक्षावर सरळ स्ट्रेस, ताण उजवीकडे आणि दाब डावीकडे. उभ्या अक्षावर शिअर. त्यासाठी एक नियम धरला आणि शेवटपर्यंत मोडला नाही: कडेवरचा शिअर चौकोनाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवू पाहत असेल तर बिंदू अक्षाच्या वर, उलट फिरवू पाहत असेल तर खाली.

उजव्या कडेवरचा बाण वर आहे, तो चौकोनाला काट्यांच्या उलट फिरवतो. म्हणून त्या कडेचा बिंदू अ पडतो उजवीकडे ६० आणि खाली ४०. वरच्या कडेवरचा बाण उजवीकडे आहे, तो काट्यांप्रमाणे फिरवतो. म्हणून तिचा बिंदू ब पडतो शून्यावर आणि वर ४०. अ आणि ब जोडले. ती रेषा आडव्या अक्षाला ३० वर कापते, तेच केंद्र. केंद्रापासून अ पर्यंत आडवं अंतर ३०, उभं ४०, म्हणून त्रिज्या ५०. वर्तुळ अक्षाला ८० वर आणि −२० वर कापतं. प्रिन्सिपल स्ट्रेस, म्हणजे त्या बिंदूवरचे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान सरळ स्ट्रेस, हेच: ८० मेगापास्कल ताण आणि २० मेगापास्कल दाब.

आता कोन. केंद्रापासून अ कडे जाणारी त्रिज्या अक्षाच्या खाली आहे. तिथून ८० च्या बिंदूपर्यंत काट्यांच्या उलट ५३.१ अंश फिरावं लागतं. वर्तुळावरचा कोन चौकोनावरच्या कोनाच्या दुप्पट असतो, म्हणून चौकोनावर त्याच दिशेने २६.६ अंश. दांड्याच्या अक्षापासून बाहूच्या बाजूला २६.६ अंश वळलेल्या दिशेत सर्वांत मोठा ताण आहे.

इथे वर्गात तीन वेगळी उत्तरं आली. एकाने तडा ५३ अंशांवर सांगितला, म्हणजे निम्मं करायचं राहून गेलं. दुसरीने तडा अक्षाशी २६.६ अंश करतो असं सांगितलं. तिचा आकडा बरोबर होता, पण ती ओढीची दिशा होती. तडा ओढीला काटकोनात जातो, म्हणून तो अक्षाशी ६३.४ अंश आणि आडव्या छेदाशी २६.६ अंश करतो. तिसऱ्याने अ बिंदू वर मांडला होता, त्याचा तडा आरशातल्यासारखा उलटा आला. तिघांनाही त्यांच्या वहीतल्या वहीत आपलं चुकलंय हे कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून मी पोल शिकवतो, आणि तो आधी शिकवावा असं माझं मत होत चाललं आहे. अ बिंदू ज्या कडेचा, ती कड कागदावर उभी आहे. म्हणून अ मधून उभी रेषा काढा. ती वर्तुळाला पुन्हा जिथे कापेल तो पोल. इथे तो ६० आणि वर ४० या जागी येतो. पडताळा सोपा आहे. ब ज्या कडेचा ती आडवी, म्हणून ब मधून आडवी रेषा काढली की तीही त्याच जागी पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली तर अ-ब मांडतानाच कुठेतरी घोळ झाला आहे.

पोल सापडला की दुप्पट-निम्मं काही उरत नाही. पोलमधून कोणत्याही दिशेने रेषा काढा. ती वर्तुळाला जिथे पुन्हा कापते, त्या बिंदूचे दोन आकडे म्हणजे दांड्यावर त्याच दिशेने असलेल्या प्रतलावरचा सरळ आणि शिअर स्ट्रेस. पोलपासून ८० च्या बिंदूला रेषा जोडली. ती उभ्या रेषेपासून २६.६ अंश कललेली आली, वरचं टोक डावीकडे, गिअरपेटीकडे. हीच तड्याची रेघ. बाहूच्या बाजूला ती गिअरपेटीकडे झुकते, विरुद्ध बाजूला मोकळ्या टोकाकडे.

मग तुकडा हातात घेतला. दांड्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळली, तिची कड दांड्याला काटकोनात ठेवली आणि तुटलेल्या काठावरून पेन्सिल घासली. पट्टी उलगडली की वक्र पृष्ठभागावरची रेघ सपाट कागदावर येते आणि कोनमापक ठेवता येतो. बिडाची तूट खडबडीत असते, त्यामुळे एक ठाम आकडा मिळत नाही. पण वरच्या भागात रेघ २५ ते २८ अंशांच्या मध्ये होती आणि झुकाव गिअरपेटीकडेच होता. उलट्या उत्तरावाला विद्यार्थी पट्टी उलटी-सुलटी करून दोनदा पाहून गेला.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. रेघेचा कोन फक्त वरच्या बिंदूच्या आसपास घ्यायचा. कुशीकडे जाताना वाकण्याचा ताण कमी होतो, पिळण्याचा तेवढाच राहतो, म्हणून रेघ ४५ अंशांकडे वळत जाते. शिवाय तडा धावू लागला की छेद बदलतो आणि सुरुवातीचं गणित त्याला लागू राहत नाही. सगळी रेघ मोजून सरासरी काढणाऱ्याला भलताच कोन मिळेल. दांडा जर पेटीच्या खांद्यालगत, कोपऱ्यातच तुटला असता तर रेघ त्या कोपऱ्याला धरून गेली असती आणि तिच्यावरून फारसं काही वाचता आलं नसतं. इथे ती दोन बोटं दूर होती हे आपलं नशीब.

बळ माहीत नसताना कोन कसा जुळला?

हा प्रश्न त्या पुतण्यानेच विचारला, आणि मला तो सगळ्यांत आवडला. "सर, आपण एकाच माणसाचं वजन धरलं. तिथं तर दोघं होते. तरी कोन बरोबर कसा आला?"

वर दिलेली दोन सूत्रं पुन्हा पाहा. केंद्राचं अंतर म्हणजे σ चा अर्धा, अर्थात 16M/πd³. शिअर 16T/πd³. दोन्हींपुढचा गुणक तोच. म्हणून वर्तुळातल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचं गुणोत्तर म्हणजे फक्त M आणि T चं गुणोत्तर, आणि ते म्हणजे २४० आणि ३२० चं गुणोत्तर. बळ त्यातून निघून जातं, व्यासही निघून जातो. दोघांनी दाबलं तर वर्तुळ मोठं होईल, पण त्याचा आकार तोच राहील, कोन तोच राहील.

यातून पुढे एक गंमत निघते. हँडलचा वरून काढलेला नकाशा पाहा: २४० दांडा, ३२० बाहू आणि तुटलेल्या जागेपासून मुठीपर्यंतचं सरळ अंतर ४००. वर्तुळातला त्रिकोण पाहा: ३०, ४०, ५०. तो त्रिकोण म्हणजे हँडलचाच लहान केलेला नकाशा आहे. वर्तुळावरचा ५३.१ अंशांचा कोन हा तुटलेल्या जागेवरून मूठ ज्या कोनात दिसते तोच कोन. चौकोनावर तो निम्मा होतो, म्हणजे सर्वांत मोठ्या ताणाची दिशा दांड्याचा अक्ष आणि मुठीकडची रेषा यांचा कोन बरोबर दुभागते. तडा त्या दुभाजकाला काटकोनात. काटकोनातल्या कोणत्याही हँडलवर, मूठ सरळ खाली दाबली असेल तर, तडा कुठे जाईल हे कागद-पेन्सिल न घेता बोटाने दाखवता येतं. बळ तिरकं लागलं असेल, म्हणजे माणूस मूठ खाली दाबता दाबता स्वतःकडे ओढतही असेल, तर मात्र ही सोय जाते.

कोनावरून बळ कळत नाही, हेही त्यातच आलं. ते मालाच्या ताकदीवरून काढावं लागतं. हँडल साध्या करड्या बिडाचं होतं. FG 200 प्रतीचं धरलं तर त्याची ताणातली ताकद २०० मेगापास्कल. एका माणसाने सावकाश वजन टाकलं तर ८०, म्हणजे तुटण्याचं कारण नाही. दोघांनी सावकाश टाकलं तर १६०, तरीही तग धरेल. पण अचानक टाकलेला भार, उंचावरून न पडताही, सावकाश टाकलेल्या भाराच्या दुप्पट स्ट्रेस आणतो. दोघांच्या एकदम हिसक्याला हिशोब ३२० पर्यंत जातो. प्रत्यक्षात गेट जाम असल्याने हँडल किती लवचीकपणे दबलं त्यावर खरा आकडा ठरेल, पण २०० ओलांडायला एवढं पुरेसं आहे. तुटलेल्या तोंडावर ओतकामातला पोकळ फुगा दिसतो का तेही पाहिलं, डोळ्याला दिसला नाही.

हेच हँडल माइल्ड स्टीलचं असतं तर काय झालं असतं, त्याचंही उत्तर याच वर्तुळात आहे, फक्त पाहायची जागा वेगळी. स्टील बहुतेक वेळा शिअरने हार मानतं, म्हणून ८० कडे न पाहता वर्तुळाच्या माथ्याकडे पाहायचं. माथ्याची उंची त्रिज्येएवढी, ५०. यील्ड २५० मेगापास्कलचं स्टील धरलं तर शिअरमध्ये ते साधारण १२५ ला सैल पडतं. दोघांच्या हिसक्याला माथा २०० वर जातो, म्हणजे स्टीलही सुटलं नसतं. पण ते वाकून-पिळून वेडंवाकडं झालं असतं, तुटून पायावर पडलं नसतं. माथ्याचा आकडा असा सरळ घेता आला, कारण एक प्रिन्सिपल स्ट्रेस ताण आहे आणि दुसरा दाब. पृष्ठभागाला लंब असलेला तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य आहे आणि तो या दोघांच्या मध्ये पडतो. बॉयलरच्या पत्र्यासारखे दोन्ही ताणच असतील तर शून्यापासून मोठ्यापर्यंतचं वर्तुळ वेगळं काढावं लागतं, आणि परीक्षेत ते विसरणारे दरवर्षी निघतात.

जोड कोणत्या बाजूला कापायचा

गावातल्या वर्कशॉपवाल्याचं म्हणणं होतं की तुटलेलं तोंड घासून ४५ अंशांत तिरकं कापू आणि पितळेने ब्रेझिंग करून जोडू. बिडाला थेट वेल्डिंग केलं की सांध्यालगतचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, त्यामुळे ब्रेझिंगचा त्याचा विचार शहाणपणाचा होता. पण ४५ अंशांचा काप दोन दिशांनी घेता येतो. फरक पडतो का?

पोलमधून दोन रेषा काढल्या. पहिली तड्याच्याच बाजूला कललेली, म्हणजे बाहूच्या बाजूचं टोक गिअरपेटीकडे. ती वर्तुळाला ७० आणि ३० वर कापते: सांध्यावर ७० मेगापास्कल ताण आणि ३० शिअर. दुसरी उलट कललेली, बाहूच्या बाजूचं टोक मोकळ्या टोकाकडे. ती −१० आणि −३० वर कापते: शिअर तेवढाच, पण सरळ स्ट्रेस १० मेगापास्कल दाब. एकच दांडा, एकच कोन, एकच भार. एका कापात सांधा उसवला जातो, दुसऱ्यात दाबला जातो. वर्कशॉपवाल्याला हे सांगायला सूत्र लागलं नाही. तुटलेल्या रेघेच्या उलट बाजूला काप घे, एवढं पुरलं.

हे आकडे वरच्या बिंदूपुरते आणि एका माणसाच्या वजनापुरते आहेत. गेट खाली सोडताना बळ उलटं लागतं आणि चिन्हंही उलटतात: बरोबर कापलेल्या सांध्यावर १० ताण येतो, तो चालेल. चुकीच्या कापावर तेव्हा दाब येतो, पण सोडताना तसाही जोर कमीच लागतो, खरी परीक्षा उचलतानाच. कुशीवरच्या बिंदूंचा हिशोब वेगळा करावा लागेल. आणि ब्रेझिंग किती नीट बसलं, हे कोणतंही वर्तुळ सांगत नाही.

काकांनी शेवटी जोड न करता ३० मिमीच्या स्टीलच्या सळईचं हँडल करून घेतलं. बाहू मात्र ३२० ऐवजी ४८० मिमीचा मागितला, जोर कमी लागावा म्हणून. त्याच पुतण्याला तो आकडा देऊन वर्तुळ काढायला सांगितलं. त्याच बळाला शिअर ६० होतो, त्रिज्या ६७, आणि कोन सरकून ३१.७ अंश.